अवलंबून असलेली सेवा बंद केली तर निभावते, हळू केली तर सगळेच कोलमडते, असे का?

पारसिक

नमस्कार मंडळी. अंधेरीतील एका छोट्या कंपनीत मी सर्व्हरच्या बाजूचे काम पाहतो. आमच्या संकेतस्थळावर नाटकांची तिकिटे विकली जातात. आसन निवडण्याचे पान दाखवताना आमचा मुख्य सर्व्हर एका वेगळ्या सेवेला विचारतो, की या ग्राहकाला काही सवलत लागू होते का. ही सेवा दुसऱ्या गटाच्या ताब्यात आहे आणि ती केव्हातरी बंद पडणार हे गृहीत धरून आम्ही तशी सोय केली आहे: उत्तर आले नाही तर पान मूळ किमतीसह दिसावे आणि खाली 'सवलत सध्या उपलब्ध नाही' अशी ओळ यावी.

ही सोय खरोखर चालते का, हे पाहण्यासाठी आम्ही स्टेजिंगवर मुद्दाम बिघाड घडवला. सेकंदाला ६० विनंत्यांचा भार चालू ठेवून प्रथम सवलत सेवेचा कंटेनर सरळ बंद केला. अपेक्षेप्रमाणे ती ओळ दिसू लागली, पाने झटपट उघडत राहिली आणि सर्वांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. नंतर कंटेनर पुन्हा चालू करून, मध्ये टॉक्सिप्रॉक्सी हे मुद्दाम बिघाड घालणारे साधन ठेवून, उत्तराला फक्त ४ सेकंदांचा उशीर लावला:

```
toxiproxy-cli create -l 127.0.0.1:28080 -u 127.0.0.1:8080 savlat
toxiproxy-cli toxic add -t latency -a latency=4000 savlat
```

काही सेकंदांतच आसनांचे पान रेंगाळू लागले. त्यापाठोपाठ लॉगिनचे पानही अडकले, ज्याचा सवलतीशी काडीचाही संबंध नाही. पाऊण मिनिटाच्या आत कुबरनेटिसने आमचा पॉड मारून पुन्हा सुरू केला. सर्वांत चक्रावणारी गोष्ट म्हणजे या साऱ्या गोंधळात सवलत सेवेच्या नावाने एकही त्रुटी नोंदली गेली नाही, आणि फसणाऱ्या सेवेकडे जाणाऱ्या विनंत्या थांबवणारा सर्किट ब्रेकर शेवटपर्यंत 'बंद' अवस्थेत, म्हणजे सर्व सुरळीत असल्याच्या थाटात बसून होता.

आमची मांडणी अशी: टॉमकॅट, थ्रेडची संख्या मुळात असते तीच. सवलत सेवेसाठी टाइमआउट ५ सेकंद, अपयश आल्यास आणखी दोन प्रयत्न. सर्किट ब्रेकर रेझिलियन्स४जेचा, त्यातील आकडे न बदललेले. स्टेजिंगवर पॉड एकच. मेमरीची गळती असावी असा एका सहकाऱ्याचा संशय आहे, मला तो पटत नाही.

वडाप्रेमी

चार सेकंद थांबून सवलत मिळणार असेल तर दादरचा कोणताही प्रेक्षक आनंदाने थांबेल. तुमचा सर्व्हरच फार अधीर दिसतो.

केदार_वाशी

टाइमआउट ५ सेकंद आणि उशीर ४ सेकंद, म्हणजे टाइमआउट कधी लागलाच नाही, हे उघड आहे. टाइमआउट ३ सेकंदांवर आणा, प्रश्न मिटेल. सर्किट ब्रेकर बसवलेला आहेच, त्यामुळे एकदा टाइमआउट होऊ लागले की तो आपोआप उघडेल. आमच्याकडे अगदी हीच मांडणी आहे. आम्ही ४० आभासी ग्राहक लावून, असाच उशीर घालून चाचणी केली होती, तेव्हा पाने थोडी सावकाश आली, पण पडले काहीच नाही. त्यामुळे मलाही मेमरीच्या शक्यतेकडे एकदा पाहावेसे वाटते.

शिवडीकर

पारसिक, तुम्ही दिलेल्या आकड्यांतच उत्तर आहे, मेमरीकडे जाण्याची गरज नाही.

कंटेनर बंद केला तेव्हा यंत्र जागेवर होते, फक्त त्या पोर्टवर ऐकणारे कोणी नव्हते. अशा वेळी जोडणीची विनंती तिथल्या तिथे नाकारली जाते. तुमच्या थ्रेडला एक-दोन मिलिसेकंदांत नकार मिळाला, दोन पुनर्प्रयत्नही तितक्याच वेगाने फसले आणि पर्यायी पान दिसले. बिघाडाचा हा सर्वांत सोपा प्रकार आहे.

आता उशिराचा हिशेब करू. एका विनंतीमागे एक थ्रेड अडकतो. सेकंदाला ६० विनंत्या येत आहेत आणि प्रत्येक विनंती ४ सेकंद थ्रेड धरून ठेवते, म्हणजे कोणत्याही क्षणी २४० थ्रेड लागतात. टॉमकॅटकडे मुळात २०० असतात. साडेतीन सेकंदांच्या आतच ते सर्व सवलत सेवेची वाट पाहत उभे राहिले. तिथून पुढे तुमचा सर्व्हर सेकंदाला ५० विनंत्या निकालात काढू शकतो, कारण २०० भागिले ४ म्हणजे ५०, पण येत आहेत ६०. दर सेकंदाला १० विनंत्या मागे पडत जातात. एका मिनिटाने ६०० विनंत्यांची रांग असेल आणि नव्या माणसाचा नंबर लागायला १२ सेकंद लागतील. लॉगिनचे पान त्याच रांगेत उभे आहे, म्हणून तेही अडकले.

पॉड मारला जाण्याचे कारणही तेच. सर्व्हर जिवंत आहे का हे पाहणारी तुमची लाइव्हनेस तपासणी त्याच २०० थ्रेडांपैकी एकाकडून उत्तर मागत असणार. काही बदलले नसेल तर कुबरनेटिस दर १० सेकंदांनी विचारते, १ सेकंदात उत्तर आले नाही की ते अपयश धरते, आणि सलग तिसऱ्या अपयशानंतर कंटेनर पुन्हा सुरू करते. तुमचे पाऊण मिनिट यात नेमके बसते. प्रत्यक्ष विक्रीच्या वेळी हे अधिक महागात जाते, कारण एक पॉड मेला की त्याचा भार उरलेल्यांवर पडतो.

शिवडीकर

केदार, तुमच्या प्रतिसादाला स्वतंत्र उत्तर देतो, कारण त्यातील अर्धा भाग बरोबर आहे.

टाइमआउट लागला नाही हे खरे. पण तो ३ सेकंदांवर आणला तर काय होईल ते पाहा. पहिला प्रयत्न ३ सेकंदांनी फसेल, मग दुसरा, मग तिसरा: एका विनंतीमागे थ्रेड ९ सेकंद अडकेल, आणि ज्या सेवेला आधीच धाप लागली आहे तिच्याकडे तिप्पट विनंत्या जातील. सर्किट ब्रेकर पुढे उघडेल, हे मान्य. मात्र त्याला मुळात १०० निकाल हाती आल्याशिवाय टक्केवारी काढता येत नाही आणि पहिला निकाल यायलाच ३ सेकंद लागतात, तोवर थ्रेड संपत आलेले असतात. मूळ चाचणीत तर त्याला तक्रारीला जागाच नव्हती. सर्व उत्तरे यशस्वी होती, फक्त उशिरा येत होती. संथ उत्तरे मोजण्याची सोय त्या ब्रेकरमध्ये आहे, पण 'संथ' कोणाला म्हणायचे याची त्याची मूळ मर्यादा ६० सेकंद आहे.

आता तुमचे ४० आभासी ग्राहक. प्रत्येक ग्राहक आपले उत्तर येईपर्यंत थांबतो आणि मगच पुढची विनंती करतो. म्हणजे कितीही उशीर लावला तरी एका वेळी ४० पेक्षा जास्त थ्रेड अडकूच शकत नाहीत. सर्व्हर हळू झाला की तुमचे चाचणीचे साधनही समजूतदारपणे हळू होते. खरे ग्राहक असे वागत नाहीत, विक्री खुली झाली की पुढचा माणूस मागच्याची वाट न पाहता येतो. केसिक्स वापरत असाल तर `constant-arrival-rate` हा प्रकार निवडा आणि तीच चाचणी पुन्हा करून पाहा.

केदार_वाशी

ग्राहक थांबतात हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तरीही एक सांगतो, ५ सेकंदांचा टाइमआउट आमच्याकडे कोणी मूर्खपणाने ठेवलेला नाही. महिनाअखेरीस काही उत्तरांना खरोखरच ३ सेकंद लागतात. टाइमआउट कमी केला तर चांगली उत्तरेही आपण फेकून देऊ.

निवृत्त_विद्युत_अभियंता

मी संगणक क्षेत्रातील नाही, पण धागा वाचून आमच्या लालबागच्या इमारतीतील जनरेटर आठवला. दरवर्षी तपासणीच्या दिवशी मुख्य स्विच खाली ओढला जाई, काही सेकंदांत जनरेटर सुरू होई आणि वहीत सही होई. एकदा मात्र वीज पूर्ण न जाता दाब खूप खाली गेला. लिफ्ट मध्येच थांबली, पंप गुरगुरू लागला आणि जनरेटर ढिम्म हलला नाही, कारण त्याचा रिले फक्त 'दाब शून्य झाला का' एवढेच पाहत होता. नंतर कमी दाब ओळखणारा रिले बसवला आणि तपासणीही त्याच रीतीने होऊ लागली. आता मला समजत नाही ते एवढेच, की चालू यंत्रणेत मुद्दाम बिघाड करण्याऐवजी तुम्ही मंडळी सवलत सेवाच भक्कम का करत नाही?

शिवडीकर

काका, रिलेची गोष्ट या धाग्याला चपखल आहे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे, की सवलत सेवा पारसिक यांच्या हातात नाही. ती भक्कम झाली तरी मधले नेटवर्क, तिचा डेटाबेस आणि तिच्यामागची आणखी एखादी सेवा उरतेच.

पारसिक, मी तुमच्या जागी असतो तर तीन बदल केले असते. पहिला टाइमआउटचा. तो अंदाजाने ठरवू नका, सवलत सेवा धडधाकट असताना शंभरातील नव्याण्णव उत्तरे किती वेळात येतात ते मोजा. समजा १८० मिलिसेकंद आले, तर टाइमआउट ३०० ठेवा. दुसरा, पुनर्प्रयत्न काढून टाका. ज्या विनंतीला चांगला पर्याय हाताशी आहे तिच्यासाठी तीनदा दार ठोठावण्यात अर्थ नाही. शिवाय ब्राउझर, गेटवे आणि तुमचा सर्व्हर या तिघांनीही प्रत्येकी तीन प्रयत्न ठेवले असतील, तर एका ग्राहकामागे शेवटच्या सेवेवर २७ विनंत्या आदळू शकतात. तिसरा, सवलतीसाठी एका वेळी जास्तीत जास्त २५ थ्रेड अडकू द्या आणि सव्विसाव्याला न थांबवता सरळ पर्यायी पान द्या. सेकंदाला ६० विनंत्या आणि प्रत्येकी ०.३ सेकंद म्हणजे १८ थ्रेड, म्हणजे २५ मध्ये थोडी मोकळीक राहते. सर्वांत वाईट अवस्थेतही १७५ थ्रेड लॉगिन आणि बाकीच्या पानांसाठी मोकळे असतील.

केदार, तुमच्या महिनाअखेरीच्या ३ सेकंदांबद्दल: ते उत्तर कोणत्या कामासाठी आहे यावर सारे अवलंबून आहे. अहवालासाठी थांबता येते. आसन निवडणारा ग्राहक तेवढा वेळ थांबणार असेल तर ठेवा, पण मग तेवढे थ्रेडही मोजून बाजूला काढा.

मृण्मयी

शिवडीकर यांच्या दुसऱ्या मुद्द्याला एक पुरवणी जोडते. मी पैसे भरण्याच्या बाजूला काम करते आणि तिथे पर्यायी पान नसते. टाइमआउट झाला याचा अर्थ व्यवहार फसला असा होत नाही, निकाल आपल्याला कळला नाही एवढाच होतो. विनंती पलीकडे पोहोचून पैसे कापले गेले असतील आणि फक्त उत्तर वाटेत हरवले असेल. त्या क्षणी डोळे मिटून पुनर्प्रयत्न केला तर ग्राहकाचे पैसे दोनदा जातात.

म्हणून आम्ही बिघाड घडवताना तो विनंतीच्या वाटेवर न घालता उत्तराच्या वाटेवर घालतो. टॉक्सिप्रॉक्सीमध्ये `timeout` हा प्रकार उत्तराच्या दिशेला लावला की विनंती पोहोचते, पलीकडे नोंद होते आणि उत्तर मात्र येत नाही. त्यानंतर पडद्यावर काय दिसले याकडे आम्ही आधी पाहत नाही. पलीकडच्या खात्यात त्या एका मागणीच्या किती नोंदी झाल्या ते मोजतो. एकापेक्षा जास्त असतील तर चाचणी नापास. प्रत्येक मागणीला आपण दिलेला एकच क्रमांक सर्व प्रयत्नांत जायला हवा आणि पलीकडच्याने तो ओळखून जुनेच उत्तर परत द्यायला हवे. पलीकडची सेवा हे करत नसेल तर पुनर्प्रयत्नाऐवजी आधी व्यवहाराची स्थिती विचारावी.

अनुजा_प

मी तांत्रिक बाजूची नाही, तिकीटविक्रीच्याच क्षेत्रात उत्पादन पाहते. 'सवलत सध्या उपलब्ध नाही' हे वाक्य तुम्हा सर्वांना पर्याय वाटते, मला तो वाटत नाही. ज्या ग्राहकाला काल रात्री २० टक्के सवलतीचा संदेश गेला, तो आज मूळ किंमत पाहून परत जाईल किंवा पूर्ण पैसे भरून नंतर भांडेल. हे ठरवताना आमच्यासारख्यांना कोणी विचारले होते का?

पारसिक

अनुजाताई, प्रामाणिक उत्तर द्यायचे तर ते वाक्य मीच लिहिले आणि कोणाला विचारले नाही.

शिवडीकर यांचे तिन्ही बदल करून चाचणी पुन्हा केली. नव्याण्णवाचा आकडा आमच्याकडे २१० मिलिसेकंद आला, तरी टाइमआउट ३०० ठेवला. तोच भार, तोच ४ सेकंदांचा उशीर. अडकलेले थ्रेड १८ च्या आसपास राहिले, लॉगिनच्या पानावर काहीच परिणाम झाला नाही आणि दोनेक सेकंदांत ब्रेकर उघडला. मेमरीवाल्या सहकाऱ्याने आलेख पाहून संशय मागे घेतला.

केदार_वाशी

अभिनंदन. म्हणजे आता काहीही झाले तरी सवलतीमुळे कोणी ३०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबणार नाही.

शिवडीकर

'काहीही झाले तरी' म्हणण्याची घाई नको. बहुतेक साधनांत वाचनाचा टाइमआउट दोन तुकड्यांमधल्या शांततेला लागतो, पूर्ण उत्तराला लागत नाही. पलीकडून दर २०० मिलिसेकंदांनी थोडे थोडे येत राहिले तर ३०० ची मर्यादा कधीच ओलांडली जात नाही. आधीचा ४ सेकंदांचा उशीर काढून हे करून पाहा:

```
toxiproxy-cli toxic add -t slicer -a average_size=20 -a delay=200000 savlat
```

यातील उशीर मायक्रोसेकंदांत आहे. उत्तर २ किलोबाइटचे असेल तर २० बाइटचे सुमारे १०० तुकडे होतील आणि पूर्ण उत्तराला २० सेकंद लागतील. तुम्ही ओकेएचटीटीपी वापरत असाल तर `callTimeout` ही संपूर्ण कामाची मर्यादा वेगळी द्यावी लागते, मुळात ती शून्य, म्हणजे अमर्याद असते.

या साधनाची एक मर्यादाही सांगून ठेवतो. जोडणी टॉक्सिप्रॉक्सी स्वतः स्वीकारते, त्यामुळे जोडणीचा टाइमआउट तिच्याने तपासला जात नाही. पलीकडचे यंत्रच नाहीसे होणे, म्हणजे ना होकार ना नकार, पाहायचे असेल तर टॉक्सिप्रॉक्सी मधून काढून, ज्या यंत्रावरून जोडणी केली जाते तिथे पाकिटे गुपचूप टाकून द्यावी लागतात:

```
iptables -A OUTPUT -p tcp --dport 8080 -j DROP
```

इथे `REJECT` लिहिले तर पुन्हा झटपट नकाराचीच चाचणी होईल. जोडणीला तुम्ही किंवा तुमच्या साधनाने मर्यादा दिलेली नसेल, तर लिनक्स मूळ मांडणीत सुमारे १२७ सेकंद प्रयत्न करत राहते. चाचणी संपल्यावर तो नियम `-A` च्या जागी `-D` लिहून काढायला विसरू नका.

वडाप्रेमी

विसरलात तर तो नियम मेमरीवाल्या सहकाऱ्याला शोधायला द्या, बिचाऱ्याला काहीतरी सापडू दे.

पारसिक

तुकड्यांची चाचणी केली आणि ती सपशेल फसली. २५ ची मर्यादा होती म्हणून लॉगिन वाचले, पण त्या २५ जणांचे पान १५ ते २० सेकंद अडकले. `callTimeout` ३०० मिलिसेकंद दिल्यावर नीट झाले. ही चाचणी मी केली नसती तर वाचनाचा टाइमआउट पुरेसा वाटून पुढे गेलो असतो, त्यामुळे शिवडीकर यांचे विशेष आभार.

मात्र उशीर काढून टाकल्यावर वेगळीच गोष्ट दिसली. सवलत सेवा पूर्ववत झाल्यानंतरही जवळपास मिनिटभर आमच्या पानावर सवलत दिसत नव्हती.

शिवडीकर

ब्रेकर उघडल्यावर तो मुळात ६० सेकंद कोणालाच पलीकडे जाऊ देत नाही, मग चाचणीपुरत्या १० विनंत्या सोडतो. तो काळ १० सेकंदांवर आणता येईल. पण सेवा खरोखर आजारी असेल तर दर १० सेकंदांनी तुम्ही तिला हलवून उठवणार, आणि अनेक पॉड असतील तर प्रत्येकाचा ब्रेकर वेगळा असल्याने हे सर्वजण आपापल्या घड्याळाने करणार. मी स्वतः २० च्या आसपास ठेवतो, पण त्याला माझ्या अनुभवापलीकडे काही आधार नाही.

मृण्मयी

माझे मत याच्या उलट आहे. दहा विनंत्यांनी कोणतीही सेवा कोसळत नाही, ५ सेकंदही चालतील. परत आलेली सेवा मिनिटभर न वापरणे हाही बिघाडच आहे आणि तो तुम्ही स्वतः ओढवून घेतलेला आहे.

अनुजा_प

विक्री खुली होण्याच्या पहिल्या मिनिटात हे घडले तर निम्मी चांगली आसने मूळ किमतीला गेलेली असतील. माझी सूचना अशी: सवलत कळली नाही तर आसन धरून ठेवा, किंमत मूळ दाखवा आणि 'आपल्याला सवलत लागू असल्यास फरक परत केला जाईल' असे लिहा. फरक रात्री हिशेब करून पाठवा.

पारसिक

हे आमच्या लेखा विभागाला विचारले. बिल एकदा निघाले की फरकासाठी क्रेडिट नोट काढावी लागते, आणि रोज शेकडो निघणार असतील तर माणूस द्या, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यामुळे तूर्त काल रात्रीपर्यंतची सवलतींची यादी आमच्याच बाजूला जपून ठेवून ती वापरावी असा विचार चालू आहे. रद्द झालेली एखादी सवलत त्यामुळे चुकून दिली जाईल, त्याचा तोटा कोणी सोसायचा यावर अजून वाद आहे.

मृण्मयी, पुढच्या आठवड्यात उत्तर वाटेत तोडण्याची तुमची चाचणी पैसे भरण्याच्या पानावर करायची आहे. गेटवेच्या चाचणी खात्यावर ती करता येते का? पलीकडच्या नोंदी आम्हाला दिसत नाहीत.

मृण्मयी

दिसत नसतील तर त्या खात्यावर करून उपयोग नाही. गेटवेच्या जागी स्वतःचा एक लहान खोटा सर्व्हर उभा करा, जो आलेली प्रत्येक मागणी तिच्या क्रमांकासह एका तक्त्यात लिहील आणि मगच उत्तर देईल. टॉक्सिप्रॉक्सी त्याच्यासमोर ठेवा. चाचणीनंतर ज्या मागणीच्या दोन ओळी सापडतील, त्या कोणत्या थराने पाठवल्या हे कळण्यासाठी प्रत्येक थराचे नाव हेडरमध्ये आधीच घालून ठेवा. आमच्याकडे दुसरी ओळ बहुतेक वेळा सर्व्हरने पाठवलेली नसते, ती ब्राउझरमधून 'पैसे भरा' पुन्हा दाबल्याने आलेली असते, आणि त्या वेळी क्रमांक नवा तयार होतो. तेव्हा क्रमांक कुठे तयार होतो ते आधी तपासा.